सर्वांत मोठी संख्या: चिठ्ठ्या लावायचा क्रम कोण ठरवतं?

आज आपण एकच कोडं घेऊ, पण ते शेवटपर्यंत नेऊ. कोडं असं आहे. आपल्यासमोर टेबलावर पाच चिठ्ठ्या आहेत आणि त्यांच्यावर लिहिलंय: ५४, ५, ५४५, ९ आणि ५०. या चिठ्ठ्या एका ओळीत एकमेकींना चिकटवून ठेवायच्या. चिठ्ठी फाडायची नाही, उलटी धरायची नाही, एकही वगळायची नाही. ओळीत जी लांबलचक संख्या वाचता येईल ती सर्वांत मोठी हवी.

पाच चिठ्ठ्यांचे क्रम १२० होतात, ते सगळे करून बघता येतील. पण वीस चिठ्ठ्या असतील तर क्रमांची संख्या १९ अंकी होते. म्हणजे करून बघणं हा रस्ता बंद. क्रम ठरवणारा एखादा नियम हवा.

नियम शोधण्याआधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चिठ्ठ्या कशाही लावल्या तरी अंकांची संख्या बदलत नाही. आपल्या पाच चिठ्ठ्यांवर मिळून ९ अंक आहेत, म्हणून प्रत्येक उत्तर ९ अंकीच येणार. आणि दोन संख्या सारख्याच लांबीच्या असतील तर मोठी कोणती हे आपण डावीकडून एकेक अंक जुळवत ठरवतो. जिथे पहिला फरक दिसेल तिथे निकाल. शब्दकोशात दोन शब्द असेच जुळवतात. म्हणून इथे संख्यांना मजकूर समजून तुलना केली तरी काही बिघडत नाही. मात्र लांबी सारखी असेल तरच, ही अट विसरायची नाही.

आता पहिला विचार मनात येतो तो असा: मोठी संख्या आधी. म्हणजे ५४५, ५४, ५०, ९, ५. चिकटवून वाचलं तर ५४५५४५०९५. पण ९ ची चिठ्ठी मागे पडली हे कुणालाही दिसतं. ती पुढे आणली की पहिलाच अंक ९ होतो. तेव्हा हा विचार लगेच बाद.

दुसरा विचार जरा शहाणा आहे. चिठ्ठ्यांना शब्द समजा आणि शब्दकोशाच्या उलट्या क्रमाने लावा. संगणकात मजकुराची तयार क्रमवारी असतेच, ती उतरती करून घ्यायची. मग क्रम येतो ९, ५४५, ५४, ५०, ५ आणि संख्या बनते ९५४५५४५०५. ९ पुढे आला. बरं वाटतं. पण शेवटच्या दोन चिठ्ठ्या बघा. ५० आणि ५ अशा ठेवल्या तर ५०५ वाचलं जातं, आणि अदलाबदल केली तर ५५०. म्हणजे हेही चुकलं.

चूक कुठून आली? शब्दकोशात 'घर' आधी येतं आणि 'घरटं' नंतर. सुरुवात सारखी असेल तर जो शब्द आधी संपतो तो लहान, असा नियम आहे. म्हणजे शब्द संपल्यावर जी मोकळी जागा राहते, ती सगळ्या अक्षरांपेक्षा लहान धरलेली असते. शब्दकोशासाठी ते ठीक आहे, कारण शब्दानंतर खरोखरच जागा मोकळी असते. आपल्या ओळीत तसं नाही. ५ च्या चिठ्ठीनंतर मोकळी जागा नाही, तिथे पुढची चिठ्ठी चिकटणार आहे. तिचा पहिला अंक काय असेल यावर सगळं अवलंबून आहे.

मग बरेच जण ठिगळ लावतात. मोकळी जागा कशाने तरी भरू, म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या सारख्या लांबीच्या होतील. ९ ने भरलं तर? ५४ चे झाले ५४९, ते ५४५ पेक्षा मोठे, म्हणून ५४ आधी. पण ५४ आणि ५४५ मिळून होतात ५४५४५, उलट ठेवले तर ५४५५४. दुसरं मोठं आहे. ठिगळ फाटलं.

चिठ्ठीचाच शेवटचा अंक पुन्हा पुन्हा लिहून जागा भरली तर? ५ चे ५५५, ५४ चे ५४४, ५० चे ५००, ९ चे ९९९, आणि ५४५ आहे तसंच. उतरता क्रम लावला की येतं ९, ५, ५४५, ५४, ५०. संख्या ९५५४५५४५०. हे उत्तर बरोबर आहे! पाच चिठ्ठ्यांवर हे ठिगळ टिकतं, आणि इथेच माणूस फसतो. आता १२ आणि १२१३ या दोन चिठ्ठ्या घ्या. १२ चे होतात १२२२, ते १२१३ पेक्षा मोठे, म्हणून १२ आधी, वाचन १२१२१३. उलट ठेवून बघा: १२१३१२. हे मोठं आहे. म्हणजे नियम चुकीचा होता, आपलं उदाहरण फक्त त्याला पकडू शकलं नव्हतं. उदाहरणावर उत्तर बरोबर आलं म्हणजे नियम बरोबर ठरत नाही.

आता ठिगळं सोडून देऊ आणि सरळ प्रश्न विचारू. दोन चिठ्ठ्या हातात आहेत, अ आणि ब. कोणती आधी ठेवायची? मग ठेवूनच बघा ना! आधी अब वाचा, मग बअ वाचा. जे मोठं, तो क्रम. दोन्ही जोड्यांची लांबी सारखीच असते, त्यामुळे मजकुराची तुलना इथे हक्काने वापरता येते. भरायचं काही नाही, अंदाज काही नाही. हाच नियम आपण क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनला देतो. तुलना कशी करायची ते आपण सांगायचं, क्रम त्याने लावायचा. पायथॉनमध्ये असं:

```python
from functools import cmp_to_key

def compare(a, b):
    if a + b > b + a:
        return -1
    if a + b < b + a:
        return 1
    return 0

def largest(nums):
    s = sorted(map(str, nums), key=cmp_to_key(compare))
    ans = "".join(s)
    return "0" if ans and ans[0] == "0" else ans
```

इथे `a` आणि `b` मजकूर आहेत, त्यामुळे अधिकचं चिन्ह बेरीज करत नाही, चिकटवतं. `-1` म्हणजे `a` आधी, `1` म्हणजे `b` आधी, `0` म्हणजे कसंही चालेल. पायथॉन ३ मध्ये `sorted` ला तुलनेचं फंक्शन थेट देता येत नाही, म्हणून मध्ये `cmp_to_key` लागतं. शेवटच्या ओळीतल्या शून्याकडे आपण नंतर येऊ.

आपल्या चिठ्ठ्यांवर चालवून बघू. ५ आणि ५४: ५५४ की ५४५? ५५४ मोठं, म्हणून ५ आधी. ५४ आणि ५४५: मघाशीच बघितलं, ५४५ आधी. ५० आणि ५४: ५०५४ की ५४५०? ५४ आधी. ९ सगळ्यांच्या आधी. क्रम ९, ५, ५४५, ५४, ५०. उत्तर ९५५४५५४५०.

इथे बहुतेक ठिकाणी विषय संपतो. पण समोरून एक प्रश्न आलाय, आणि तो विचारायलाच हवा. दोन चिठ्ठ्यांचा निवाडा आपण केला, पण पाच चिठ्ठ्यांचा क्रम त्यातून निघेलच कशावरून? दगड-कागद-कात्री आठवा. कागद दगडाला हरवतो, कात्री कागदाला हरवते आणि दगड कात्रीला हरवतो. दोघांमधला निकाल नेहमी स्पष्ट असतो, तरी तिघांचा क्रम लावता येत नाही. आपल्या चिठ्ठ्यांचं असं झालं तर? अ हा ब च्या आधी, ब हा क च्या आधी आणि क पुन्हा अ च्या आधी! मग क्रमवारी लावणारं फंक्शन काहीतरी क्रम देईल खरं, पण त्याला अर्थ नसेल.

ही शंका दूर करायला नववीच्या गणितापेक्षा जास्त काही लागत नाही. ५४ आणि ५४५ घेऊ. ५४ च्या पुढे तीन अंकी चिठ्ठी चिकटवायची म्हणजे ५४ ला १००० ने गुणायचं आणि ५४५ मिळवायचे. ५४५ च्या पुढे दोन अंकी चिठ्ठी चिकटवायची म्हणजे ५४५ ला १०० ने गुणायचं आणि ५४ मिळवायचे. तेव्हा आपला प्रश्न असा झाला:

५४ × १००० + ५४५ मोठं, की ५४५ × १०० + ५४?

दोन्ही बाजूंमधून ५४ वजा करा आणि ५४५ही वजा करा. निकाल बदलत नाही. उरतं:

५४ × ९९९ मोठं, की ५४५ × ९९?

गुणाकार करून बघा. ५३९४६ आणि ५३९५५. फरक ९ चा. मघाच्या ५४५४५ आणि ५४५५४ मध्येही फरक ९ चाच होता, म्हणजे आपण वाटेत काही हरवलेलं नाही. आता दोन्ही बाजूंना ९९ आणि ९९९ या दोन्हींनी भागा:

५४/९९ मोठं, की ५४५/९९९?

इथे थांबा आणि या दोन अपूर्णांकांकडे नीट बघा. डावीकडे फक्त ५४ ची गोष्ट आहे, उजवीकडे फक्त ५४५ ची. सुरुवातीला दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींत गुंतल्या होत्या, चिकटवल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं. आता प्रत्येक चिठ्ठीला स्वतःचा एक भाव मिळाला, आणि तो ठरवायला दुसऱ्या चिठ्ठीची गरज पडत नाही. चिठ्ठीवरची संख्या घ्या आणि चिठ्ठीवर जितके अंक आहेत तितक्या नवांनी भागा. झाला भाव.

आणि हा भाव आपण शाळेत पाहिलेला आहे. ५४/९९ म्हणजे ०.५४५४५४…, ५४५/९९९ म्हणजे ०.५४५५४५…. अखंड आवर्ती दशांश. चिठ्ठीवरचे अंक दशांशचिन्हानंतर पुन्हा पुन्हा, न थांबता लिहिले की जो अपूर्णांक होतो तोच चिठ्ठीचा भाव. आपल्या पाच चिठ्ठ्यांचे भाव मांडले तर ९ चा ०.९९९… म्हणजे ९/९, बरोबर १. ५ चा ०.५५५…, ५४५ चा ०.५४५५४५…, ५४ चा ०.५४५४५४… आणि ५० चा ०.५०५०…. वरून खाली आपलाच क्रम.

म्हणजे मोकळी जागा भरण्याची कल्पना मुळात वाईट नव्हती. भरायला काय घ्यायचं ते चुकत होतं. ९ नव्हे, शेवटचा अंकही नव्हे; अख्खी चिठ्ठीच पुन्हा पुन्हा लिहायची. १२ ला असं वाढवलं की १२१२ होतं, आणि ते १२१३ पेक्षा लहान आहे. मघाचा घोटाळा सुटला.

दगड-कागद-कात्रीची भीती आता उरत नाही. अ चा भाव ब पेक्षा जास्त, ब चा क पेक्षा जास्त, तर अ चा भाव क पेक्षा जास्त असणारच. भाव साध्या संख्या आहेत, आणि संख्यांत असं वर्तुळ होत नाही.

अजून एक दुवा जोडायचा राहिला. क्रम लावता येतो हे कळलं, पण तोच क्रम सर्वांत मोठी संख्या देतो कशावरून? समजा कुणी चिठ्ठ्या वेगळ्या क्रमाने लावल्या आणि म्हणाला, माझी संख्या सर्वांत मोठी. त्याची ओळ आपण डावीकडून तपासत जायची. क्रम वेगळा असेल तर कुठेतरी शेजारशेजारच्या दोन चिठ्ठ्या अशा सापडतीलच, की कमी भावाची आधी आहे आणि जास्त भावाची नंतर. फक्त त्या दोघींची अदलाबदल करा. डावीकडचे अंक होते तसे राहिले, उजवीकडचेही तसेच, मधला तुकडा तेवढ्याच लांबीचा पण मोठा झाला. म्हणजे पूर्ण संख्या वाढली. त्याची संख्या सर्वांत मोठी नव्हती. आणि भाव अगदी सारखे असतील तर? ५४ आणि ५४५४ घ्या. दोघांचा भाव ०.५४५४…. कशाही ठेवल्या तरी वाचन ५४५४५४च होतं, तेव्हा भांडण नाही.

आता प्रत्यक्ष लिहिताना जिथे पाय घसरतो त्या जागा बघू.

पहिली जागा शून्य. ० चा भाव शून्य, त्यामुळे शून्यं आपोआप शेवटी जातात आणि तिथेच ती असायला हवीत. अडचण फक्त सगळ्याच चिठ्ठ्या शून्याच्या असतील तेव्हा येते. चिकटवल्यावर ००० होतं, उत्तर मात्र ० हवं. क्रम लावल्यावर पहिली चिठ्ठी शून्याची असेल तर मागच्या सगळ्या शून्याच्याच असणार, म्हणून पहिलाच अंक तपासला की पुरतं. कार्यक्रमाची शेवटची ओळ तेवढंच करते.

दुसरी जागा म्हणजे मजकुराऐवजी पूर्णांक वापरायचा मोह. चिकटवलेल्या जोड्या संख्या म्हणूनच तपासू, असं वाटतं. पण १० अंकी दोन चिठ्ठ्या चिकटवल्या की २० अंकी संख्या होते, आणि ६४ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या १९ अंकी आहे. पायथॉनला त्याचं काही वाटत नाही, पण सी++ किंवा जावामध्ये संख्या मर्यादेबाहेर जाते आणि तुलना भलतंच सांगते. मजकूर ठेवला तर हा प्रश्न येतच नाही. भावाचा अपूर्णांक दशांशात काढून त्यावर क्रम लावण्यातही असाच धोका आहे. चिठ्ठ्या लांब असतील तर दोन भावांमधला फरक इतका बारीक असू शकतो, की साठवताना तो पुसला जातो. भाव सिद्धतेसाठी ठेवू, तुलना चिकटवूनच करू.

तिसरी जागा सर्वांत फसवी आहे. सी++ मध्ये तुलना अशी लिहितात:

```cpp
sort(s.begin(), s.end(),
     [](const string& a, const string& b) {
         return a + b > b + a;
     });
```

इथे `>` च्या जागी `>=` लिहिलं तर काय बिघडतं? बरोबरी असेल तर कसंही चालतं, असं आपणच म्हणालो ना? उत्तरासाठी चालतं, पण `sort` साठी चालत नाही. त्याचा करार असा आहे, की तुलनेने 'खरं' सांगितलं म्हणजे अ नक्कीच ब च्या आधी हवा. `>=` लिहिलं की सारख्या चिठ्ठ्यांच्या बाबतीत तुलना दोन्ही बाजूंनी 'खरं' म्हणते: अ हा ब च्या आधी आणि ब हाही अ च्या आधी. `sort` आतमध्ये थांबण्याची जागा शोधताना या करारावर विसंबून पुढे सरकत असतं. सगळ्याच चिठ्ठ्या सारख्या असतील तर ते यादीच्या बाहेरची स्मृती वाचू लागतं आणि कार्यक्रम कोसळू शकतो. शिवाय जीसीसीच्या प्रमाणित लायब्ररीत १६ पर्यंतच्या याद्या वेगळ्या, साध्या पद्धतीने लावल्या जातात, त्यामुळे छोट्या चाचण्यांत काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी शंभर शून्यांची यादी येते आणि कार्यक्रम पडतो. जावा ७ पासून क्रमवारी लावताना असा विसंगत नियम कधी कधी पकडला जातो आणि `Comparison method violates its general contract!` हा संदेश येतो. तो दिसला तर डेटा तपासत बसू नका, तुलनेचं फंक्शन उघडा. पण संदेश आला नाही म्हणजे नियम बरोबर आहे, असंही समजू नका. दर वेळी तो पकडला जातोच असं नाही.

शेवटी, आपण लिहिलेलं बरोबर आहे हे तपासायचं कसं? सुरुवातीला आपण जो रस्ता बंद म्हटला, तो छोट्या याद्यांसाठी उघडा आहे. सहा चिठ्ठ्यांचे ७२० क्रम होतात, संगणकाला ते काहीच नाही.

```python
from itertools import permutations

def slow(nums):
    words = map(str, nums)
    return str(max(int("".join(p))
                   for p in permutations(words)))
```

यादृच्छिक याद्या बनवा, `largest` आणि `slow` दोन्ही चालवा, उत्तरं जुळतात का बघा. मात्र याद्या बनवताना एक काळजी घ्या. मोठ्या यादृच्छिक संख्या घेतल्या तर पहिल्या एक-दोन अंकांतच फरक पडतो आणि चुकीचं ठिगळही पास होतं. चिठ्ठ्या फक्त १ आणि २ या अंकांच्या बनवा, एक ते चार अंकांच्या. मग १२, १२२, १२२१ अशा एकमेकींत लपलेल्या चिठ्ठ्या वारंवार येतात. ९ ने भरणारं ठिगळ १२ आणि १२२ वर पकडलं जातं, शेवटच्या अंकाचं ठिगळ १२ आणि १२२१ वर. काही याद्यांत शून्यंही टाका, आणि एक यादी नुसत्या शून्यांची ठेवा.

घरी करून बघायला एक प्रश्न देऊन थांबू. याच चिठ्ठ्यांतून सर्वांत लहान संख्या हवी असेल तर तुलनेचं चिन्ह उलटं केलं की काम होईल का? शून्याची चिठ्ठी नसेल तेव्हा होईल. ती असेल, आणि संख्येची सुरुवात शून्याने करायची नाही अशी अट असेल, तर अदलाबदलीचा आपला युक्तिवाद नेमका कुठे अडतो ते शोधा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.